फोटोतलं ड्रॉइंग ओळींत उतरवताना

ड्रॉइंगचा फोटो मोबाइलवर आला की तो तसाच लेथवर नेऊ नका. आधी साध्या ओळींत उतरवून काढा. फोटो तिरका असतो, कागदाला घडी असते, आणि तेलकट बोटांनी झूम करून वाचलेल्या आकड्यावर माझा तरी भरवसा नाही.

सुरुवात खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या टायटल ब्लॉकपासून करा. ड्रॉइंग नंबर आणि रिव्हिजनचं अक्षर तर हवंच, पण जनरल टॉलरन्सची ओळ हमखास सुटते. ज्या मापाला स्वतःची टॉलरन्स नाही, त्याची सूट तिथेच ठरते. `ISO 2768-m` असेल तर ३० ते १२० मिलिमीटरपर्यंतच्या मापाला ०.३ अधिक-उणे.

परवा एका शाफ्टचा फोटो आला. तो मी असा उतरवला:

```
REV: B
MATERIAL: EN8
GEN. TOL: ISO 2768-m
Ø25 [k/h?]6
LENGTHS: 32, 6[?], 45
(145)
NOTE 1: REMOVE ALL BURRS
```

मधल्या लांबीचा दुसरा आकडा घडीत गेला होता. ६३ की ६८? कंसातल्या १४५ मधून ३२ आणि ४५ वजा केले की ६८ उरतात. तरीही ओळीत मी ६८ लिहिलं नाही, शेजारी वेगळं टिपलं. कंसातलं माप फक्त संदर्भासाठी असतं. रिव्हिजन बदलताना ते जुनंच राहून गेलेलं असू शकतं. जे दिसतं ते ओळीत आणि जे हिशेबानं निघतं ते शेजारी, ही शिस्त मी कधी मोडत नाही.

खरी पंचाईत त्या अक्षराची होती. पुसट फोटोत k आणि h सारखेच दिसतात, आणि इथे बेरीज-वजाबाकी उपयोगाला येत नाही. २५ च्या व्यासाला `k6` म्हणजे २५.००२ ते २५.०१५. `h6` म्हणजे २४.९८७ ते २५.०००. दोन पट्टे एकमेकांना शिवतही नाहीत. एकाचा चांगला जॉब दुसऱ्यात हमखास रिजेक्ट. त्या जागी बेअरिंग बसणार होतं आणि शाफ्ट फिरता होता, म्हणून माझा कल `k6` कडे होता. पण कल म्हणजे ड्रॉइंग नव्हे. हलक्या फिटमध्ये बेअरिंगची आतली रिंग शाफ्टवर सरकत फिरू लागते, सीट झिजते, आणि हे कळतं ते मशीन चालू झाल्यावर.

उतरवून झालं की फोटोवर एकेका मापाला टिक करत जा. `Ø` चं शून्य होऊन २५ चं `025` झालंय का, तेही त्याच वेळी दिसतं. टिक न झालेलं माप म्हणजे सुटलेली ओळ.

आणि जिथे `[?]` उरलं असेल, तेवढ्याच भागाचा जवळून फोटो मागवा. उत्तर येईपर्यंत जॉब चकमध्ये बांधू नका.