फिल्टरचा बाण नको, स्लायसरचं बटण द्या

शिक्षक मित्रांनो, शाळेचं डेडस्टॉक रजिस्टर तुम्हीही एक्सेलमध्ये केलं असेल. माहुलला आमच्याकडे त्यात 64 नोंदी आहेत आणि चार विभाग: ग्रंथालय, विज्ञान, क्रीडा, पोषण आहार.

एका ज्येष्ठ बाईंनी फिल्टरच्या बाणातून ग्रंथालय निवडलं, फाईल सेव्ह करून बंद केली. दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या सरांनी ती उघडली, तर नऊच ओळी! त्यांना वाटलं, आपल्या नोंदी पुसल्या गेल्या. ते पुन्हा टाईप करायला बसले. खरं तर फिल्टर लागलाय हे ओळींच्या निळ्या आकड्यांवरून कळतं, पण तिकडे कोण बघतं? माझं मत स्पष्ट आहे: चूक बाईंची नाही, शीट बनवणाऱ्याची, म्हणजे माझी.

म्हणून मी स्लायसर लावला. एक्सेल 2013 पासून तो साध्या टेबललाही लागतो. असं करा:

1. टेबलच्या वर पाच-सहा ओळी रिकाम्या ठेवा.
2. यादीतल्या कुठल्याही सेलवर क्लिक करून Ctrl+T दाबा. My table has headers वर टिक ठेवून OK करा.
3. Table Design मध्ये Insert Slicer घ्या, फक्त 'विभाग' निवडा.
4. स्लायसरच्या टॅबमध्ये Columns 4 करा. चारही बटणं एका ओळीत येतील. स्लायसर वरच्या रिकाम्या जागेत ठेवा. टेबलच्या बाजूला ठेवलात तर ओळी लपताना त्याची जागाही हलू शकते.

आता कुठला विभाग चालू आहे ते रंगीत बटणच सांगतं. फाईल तशीच सेव्ह झाली तरी पुढच्याला ते दिसतं. सगळं परत आणायला कोपऱ्यातलं फुलीवालं गाळणीचं चिन्ह दाबायचं. बाईंना मी एवढंच शिकवलं.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. पहिली, बेरीज. SUM लपलेल्या ओळीही मोजतो, म्हणून क्रीडा निवडूनही सगळ्या शाळेचे नग दिसतात. टेबलच्या वर हे लिहा (टेबलचं नाव वेगळं असेल तर ते टाका):

```
=SUBTOTAL(109,Table1[नग])
```

दुसरी, शुद्धलेखन. आमच्याकडे 'क्रीडा' आणि 'क्रिडा' अशी दोन बटणं आली. 11 नोंदींपैकी 8 एकीकडे, 3 दुसरीकडे. एक्सेलच्या दृष्टीने ते दोन वेगळे विभाग! आधी शब्द दुरुस्त करा. मग विभागाच्या रकान्याला Data Validation मधून List लावून चारही नावं पक्की करा, म्हणजे पुढे कोणी हाताने टाईप करणार नाही.

आता बाई क्रीडाचं बटण दाबून स्वतःच यादी छापतात. मला हाक मारत नाहीत. सहकाऱ्याला फिल्टर शिकवत बसण्यापेक्षा शीटच अशी करून द्यावी, असं मला वाटतं. तुमचं काय मत आहे?