डावीकडून की उजवीकडून?

पहिल्यांदाच स्मार्टफोन हाती घेणाऱ्या बायकांसाठी चित्रपत्रक करायचं, तर त्यात दहा सूचना कोंबू नयेत. एकच सांगावी: पिन पैसे देण्यासाठी असतो, घेण्यासाठी कधीच नाही.

फसवणूक नेमकी इथेच होते. समजा, एका खालांनी जुनी शिलाई मशीन साडेचार हजारांना विकायला काढली. गिऱ्हाईक फोनवर क्यूआर कोड पाठवतं आणि म्हणतं, "स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील." खाला पिन टाकतात आणि त्यांच्याच खात्यातून साडेचार हजार जातात.

हे चित्रात दाखवायला आयसोमेट्रिक पद्धत चांगली. यात आडव्या कडा तीस अंशांत तिरप्या आणि उभ्या कडा सरळ काढतात. लांबची वस्तू लहान होत नाही, त्यामुळे दोघांचे फोन सारख्याच आकाराचे दिसतात आणि पैसा कुठून कुठे गेला ते कळतं. मात्र फोनचा पडदा तिरपा काढला की त्यावरचं काही ओळखू येत नाही. पिनचा पडदा शेजारी समोरून, सपाट काढावा. पिनसाठी कुलपाचं चिन्ह नको, कारण कुलूप म्हणजे 'सुरक्षित' असाच अर्थ घेतला जातो. त्याऐवजी पिनच्या रिकाम्या चौकटी काढाव्यात.

आता माझा खरा मुद्दा. अशी पत्रकं बहुधा डावीकडून उजवीकडे जातात: खालांचा फोन, मग नाणी, मग गिऱ्हाइकाचा फोन. उर्दू वाचणाऱ्याची नजर उजवीकडून सुरू होते. तिला आधी गिऱ्हाइकाचा फोन दिसतो, मग नाणी, मग खालांचा फोन. म्हणजे पैसे खालांकडे आले! ठग जे सांगतो तेच आपलं पत्रकही सांगू लागतं. मजकुराचं उर्दू भाषांतर करून हे सुटत नाही, चित्रच बदलावं लागतं.

उपाय आयसोमेट्रिकमध्येच आहे. जिना काढावा. वरच्या पायरीवर खालांचा फोन आणि बटवा, मधल्या पायरीवर पिन, खालच्या पायरीवर गिऱ्हाइकाचा फोन. नाणी वरून खाली घरंगळतात. मराठी असो वा उर्दू, दोन्ही लिप्या वरून खालीच उतरतात. पायऱ्यांच्या उंचीतला फरक मात्र डोळ्यांत भरायला हवा.

छापण्याआधी पत्रक चार-पाच जणींपुढे ठेवा आणि स्वतः काही बोलू नका. "समजलं का?" असं विचारलं तर सगळ्याच हो म्हणतील. "पैसे कुणाचे गेले?" असं विचारा. बोट खालांच्या बटव्यावर गेलं, तर चित्र जमलं.

चित्राने सगळंच भागत नाही. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा असतो. तो आकडा तळाशी मोठा छापावा, आणि त्यांच्या फोनमध्ये आपणच साठवून द्यावा.