हॉर्न ऐकू आला, पण कुठून?

आमच्या शेजारचे नाना बहात्तर वर्षांचे. पहाटे दुधाची पिशवी आणायला गेले आणि कोपरावर खरचटून परत आले. मागून येणाऱ्या इलेक्ट्रिक स्कूटरवाल्याने हॉर्न दिला होता. नानांनी तो ऐकलाही होता! पण गाडी समोरून येते आहे असं वाटून ते दोन पावलं मागे सरकले, थेट स्कूटरच्या वाटेत. "मी बहिरा नाही हो, हॉर्न ऐकला म्हणूनच सरकलो," असं ते सगळ्यांना सांगत होते. नानी मात्र म्हणाल्या, "अहो, कुकरच्या शिट्ट्या तुम्हाला हल्ली ऐकू येत नाहीत, ते सांगा ना!"

खरं म्हणजे दोघंही बरोबर होते. वयामुळे येणारा बहिरेपणा सगळ्या आवाजांना सारखा लागू होत नाही. आधी जातात ते बारीक, तीक्ष्ण आवाज: कुकरची शिट्टी, सायकलची घंटी, मोटार मागे घेताना वाजणारं पीं-पीं. ट्रकची घरघर, रिक्षाची फटफट, माणसांचं बोलणं हे जाड आवाज बरीच वर्षं टिकतात. त्यामुळे 'मला सगळं ऐकू येतं' असं माणसाला मनापासून वाटतं.

यातली दुसरी गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. आवाज डावीकडून की उजवीकडून, हे मेंदू दोन कानांतल्या फरकावरून ठरवतो. आवाज एका कानाला दुसऱ्याहून सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ आधी पोहोचतो, आणि डोक्याच्या आडोशामुळे पलीकडच्या कानाला तो थोडा मंद लागतो. समोरून की मागून, हे मात्र अशा फरकाने कळत नाही, कारण दोन्ही वेळा तो आवाज दोन्ही कानांना सारखाच पोहोचतो. तिथे बाहेरच्या कानाच्या घड्या कामी येतात. त्या मागून येणाऱ्या आवाजाचा रंग जरासा बदलतात, पण बदल होतो तो मुख्यतः बारीक आवाजांत! ते गेले की हॉर्न ऐकू येतो, दिशा हरवते.

नानांच्या ऑडिओग्राममध्ये हेच दिसलं. 500 हर्ट्झच्या जाड आवाजाला दोन्ही कान 25 डेसिबलला दाद देत होते, म्हणजे जवळजवळ ठीक. 4000 हर्ट्झला डावा 50, उजवा थेट 65! त्यात स्कूटर इलेक्ट्रिक, सावकाश चाललेली. इंजिनाची घरघर नाही. जो आवाज नाना हमखास ओळखत, तोच नेमका नव्हता.

घरच्या घरी अंदाज घ्यायचा असेल तर आजोबांना डोळे मिटून खुर्चीवर बसवा. तीन पावलांवर उभं राहून किल्ल्यांचा जुडगा हळूच वाजवा. कधी समोर, कधी मागे, कधी बाजूला. आवाज कुठून आला ते त्यांनी बोटाने दाखवायचं. ऐकू येऊनही पुढचं-मागचं वारंवार चुकत असेल, तर कानाच्या डॉक्टरांकडे न्या. ते आधी कानात मळ साठला आहे का ते पाहतील. कधी कधी तेवढंच निघतं. ही युक्ती म्हणजे तपासणी नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवा.

श्रवणयंत्र घ्यायचं आणि दोष दोन्ही कानांत असेल, तर शक्यतो दोन्ही कानांना घ्या. खर्च वाचवायला एकच लावलं तर दोन कानांतला फरक बिघडतो आणि सगळेच आवाज त्या बाजूचे वाटू लागतात. तरीही यंत्राने तरुणपणचे कान परत मिळत नाहीत. कानामागे बसणाऱ्या यंत्राचा माइक घड्यांच्या बाहेर राहतो, त्यामुळे पुढचं-मागचं पुष्कळदा चुकतंच. वाऱ्यावर खरखर होते. सवय व्हायला काही आठवडे लागतात, तोवर गर्दीचा रस्ता टाळलेला बरा.

गाडी चालवणाऱ्यांचं काय? चाळिशीनंतर लायसन्ससाठी जे वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं, त्यात डॉक्टरांना साधारण एवढंच विचारलेलं असतं, की नेहमीचे ध्वनिसंकेत ऐकू येणार नाहीत इतका बहिरेपणा आहे का? नानांसारख्याचं उत्तर प्रामाणिकपणे 'नाही' असंच येईल. दिशेबद्दल प्रश्नच नाही! बंद काचांच्या मोटारीत किंवा हेल्मेटमध्ये बारीक आवाज आणखी दबतात. म्हणून मागून रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला तर आधी आरशात पाहावं आणि मगच गाडी बाजूला घ्यावी.

नानांनी आता दोन सवयी बदलल्या आहेत. फुटपाथ नसेल तिथे ते रस्त्याच्या उजव्या कडेने चालतात, म्हणजे त्या कडेची वाहनं डोळ्यांसमोरून येतात. आणि हॉर्न वाजला की सरकायचं नाही. जागीच थांबून आधी मागे वळून बघायचं. स्कूटरची किल्ली मात्र त्यांनी अजून नानींच्या हवाली केलेली नाही. त्यावर वाद चालू आहे.