नाव कुणाचं लावायचं?

या अंकासाठी अमेरिकेतल्या वाचकांकडून स्वानुभवपर लेख मागवले, तेव्हा फोनवर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला: "टोपणनावाने छापाल का?" छापू. पण त्याने काय साधतं, ते आधी पाहायला हवं.

१९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' आलं, तेव्हा विभावरी शिरूरकर कोण, यावरून महाराष्ट्रात वादळ उठलं. बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, तेव्हा त्या नावाआड सुरक्षित राहू शकल्या. आपलं इथलं मराठी वर्तुळ मात्र छोटं. घटस्फोटावरच्या एका लेखात लेखिकेने नाव बदललं होतं. पण न्यू जर्सी, जुळ्या मुली आणि मंडळाच्या नाटकातली भूमिका तशीच ठेवली होती. नाव झाकलं, माणूस उघडाच! आम्ही तिच्याशी बोलून ठिकाण आणि भूमिका गाळली, जुळ्या मुलींच्या जागी नुसतं 'मुलं' केलं. अनुभवाला धक्का लागला नाही.

शिवाय लेखातल्या नवऱ्याला, सासूला टोपणनाव कुणी दिलेलं नसतं. त्यांची खाजगी गोष्ट उघड झाली, तर लेखिकेचं नाव बदलल्याने कायदेशीर जबाबदारी टळत नाही. आणि खऱ्या नावाने एकदा छापलेलं परत घेता येत नाही. टोपणनाव मात्र पुढे केव्हाही उघड करता येतं. म्हणून मन द्विधा असेल, तर आम्ही टोपणनावच सुचवतो.

या अंकात दोन्ही प्रकारचे लेख आहेत. तुम्ही कोणतं नाव लावलं असतं आणि का, ते आम्हाला जरूर कळवा.