आठ आठवडे भाकरी नाही, भात नाही, फक्त दूधासारखं पातळ अन्न: क्रोन्सच्या मुलांवर हा उपचार आधी का करतात?

पोराचं वजन वाढत नाही. पोट दुखतं, दिवसातून चार-पाच वेळा पातळ शौचाला होतं, संध्याकाळी अंग कोमट लागतं. घरचे म्हणतात, "याला चांगलं खाऊपिऊ घाला." आणि डॉक्टर सांगतात, "पुढचे आठ आठवडे याला काहीही खायला देऊ नका."

साताऱ्यात काय किंवा सांगलीत काय, हे ऐकल्यावर आईवडिलांना पहिल्यांदा धक्काच बसतो. आधीच काडी झालेल्या पोराचं जेवण बंद करायचं, हा कसला उपचार?

पण हा उपचार जगभरात मान्य आहे. त्याचं नाव एक्सक्लुझिव्ह एंटरल न्यूट्रिशन, थोडक्यात ईईएन. मुलांमधल्या क्रोन्स आजाराची सूज उतरवायला युरोपातल्या तज्ज्ञांच्या संघटनांनी तो पहिल्या पसंतीचा उपचार ठरवला आहे, आणि तोही स्टेरॉइडच्या आधी. आता हे नेमकं काय आहे, ते बघू.

आधी आजार समजून घेऊ

आयबीडी म्हणजे आतड्यांना दीर्घकाळ सूज ठेवणारे आजार. त्यात मुख्य दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिस फक्त मोठ्या आतड्यात होतो. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, पण बऱ्याचदा लहान आतड्याच्या शेवटच्या भागात दिसतो.

इथेच पहिली गोष्ट लक्षात ठेवायची. ईईएन हा क्रोन्सचा उपचार आहे. कोलायटिसमध्ये तो मुख्य उपचार म्हणून चालत नाही. त्यामुळे व्हॉट्सॲपवर "आयबीडी दुधाच्या पावडरीने बरा होतो" असा मेसेज आला, तर कोणता आयबीडी, हा प्रश्न आधी विचारायचा.

उपचारात करतात काय?

सहा ते आठ आठवडे मुलाच्या सगळ्या कॅलरी एका पातळ, संपूर्ण अन्नातून द्यायच्या. त्यात प्रथिनं, स्निग्ध पदार्थ, साखर, जीवनसत्त्वं, क्षार असं सगळं मोजून घातलेलं असतं. सोबत फक्त पाणी. चपाती नाही, वरणभात नाही, चहाबिस्कीट नाही आणि प्रसादाचा पेढाही नाही.

समजा, कराडजवळच्या गावातला 12 वर्षांचा मुलगा आहे. वजन 28 किलो. आहारतज्ज्ञांनी त्याच्यासाठी दिवसाला 1800 कॅलरी ठरवल्या. अशा पावडरी डब्यावर सांगितलेल्या प्रमाणात कालवल्या की साधारण 1 मिलिलिटरला 1 कॅलरी मिळते. म्हणजे दिवसाला 1800 मिलिलिटर, 300 मिलिलिटरचे सहा ग्लास.

पहिल्याच दिवशी सहा ग्लास पाजत नाहीत. तीन ते पाच दिवसांत हळूहळू पूर्ण प्रमाणावर आणतात. मूल फारच खंगलेलं असेल तर आणखी सावकाश जातात आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम तपासत राहतात. उपाशी शरीराला एकदम भरपूर अन्न मिळालं की हे क्षार झपकन खाली येतात, आणि ते जिवावर बेतू शकतं. म्हणून अशा मुलाला सुरुवातीचे दिवस दवाखान्यात ठेवतात.

पिऊन जमतच नसेल तर नाकातून पोटात बारीक नळी घालून देतात. परिणाम तोच मिळतो.

आता तुम्ही म्हणाल, मग आपलं गोठ्यातलं दूध काय वाईट? दूध चांगलंच, पण ते संपूर्ण अन्न नाही. त्यात लोह कमी असतं आणि एवढ्या कॅलरी फक्त दुधातून मिळवायच्या तर इतर घटकांचा तोल बिघडतो. दुधात घालायच्या 'हेल्थ ड्रिंक' पावडरी आणि जिममधली प्रोटीन पावडर यांनीही हे काम होत नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेलं, एकट्याने भागेल असं अन्नच लागतं.

याने सूज उतरते, हे कशावरून?

इटलीतला एक अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. क्रोन्स झालेल्या 37 मुलांचे दोन गट केले. एकाला दहा आठवडे फक्त पातळ अन्न, दुसऱ्याला स्टेरॉइड. त्रास थांबलेल्या मुलांचं प्रमाण पहिल्या गटात 79 टक्के आणि दुसऱ्यात 67 टक्के होतं. गट लहान होते, त्यामुळे हा फरक फार मोठा धरत नाहीत.

खरा फरक दुर्बिणीतून आतडं बघितल्यावर दिसला. आतल्या जखमा भरून आल्याचं प्रमाण पातळ अन्नाच्या गटात 74 टक्के, तर स्टेरॉइडच्या गटात 33 टक्के. म्हणजे स्टेरॉइडने मुलाला बरं वाटतं, पण आतडं तितकं भरून येत नाही. शिवाय स्टेरॉइडने चेहरा सुजतो, हाडं ठिसूळ होतात आणि वाढत्या वयात उंची खुंटते. क्रोन्सने आधीच उंची अडवलेली असते, त्यात ही भर.

थोडंसं खाल्लं तर काय बिघडतं?

हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. सांगलीत भडंगाचा पुडा घरात असतोच, साताऱ्यात कंदी पेढा येतोच. आजी म्हणते, "एका घासाने काय होतंय?"

याचंही उत्तर 2006 मधल्याच एका ब्रिटिश अभ्यासात आहे. 50 मुलांपैकी काहींना सगळ्या कॅलरी पातळ अन्नातून दिल्या. बाकीच्यांना निम्म्या पातळ अन्नातून आणि निम्म्या नेहमीच्या जेवणातून. पहिल्या गटात 42 टक्के मुलांचा आजार शांत झाला, दुसऱ्यात फक्त 15 टक्के. पावडर दोघांनाही मिळत होती. फरक ताटातल्या जेवणाने केला.

यावरून तज्ज्ञांना वाटतं, की डब्यात काय आहे याइतकंच ताटातून काय गेलं हे महत्त्वाचं असावं. पुढे 2019 मध्ये 78 मुलांवरच्या एका अभ्यासात हे आणखी पुढे गेलं. त्यात एका गटाला निम्मं पातळ अन्न आणि निम्मं ठरवून दिलेलं साधं घरगुती जेवण दिलं. प्रक्रिया केलेले पदार्थ, गहू, दुग्धजन्य पदार्थ त्यातून काढले होते. हा आहार 97 टक्क्यांहून जास्त मुलांना झेपला, तर फक्त पातळ अन्न सुमारे 74 टक्के मुलांना. सहाव्या आठवड्यात दोन्ही गटांचा आजार जवळपास सारखाच शांत झाला होता. म्हणजे जेवण सोबत चालू शकतं, पण ते मोजून-निवडून दिलेलं हवं. मनाने ठरवलेलं अर्धं-अर्धं चालत नाही.

टीबी की क्रोन्स?

युरोपातल्या पुस्तकात ठळक नसलेली अडचण आपल्याकडे मोठी आहे. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स अगदी सारखे दिसतात. दोन्हीत ताप, वजन घटणं, पोटदुखी, आणि जखमाही बऱ्याचदा त्याच जागी, लहान आणि मोठं आतडं जोडतं तिथे. तुकडा काढून तपासला तरी दरवेळी निकाल लागत नाही, आणि टीबीचं कल्चर यायला काही आठवडे जातात.

मग बऱ्याच मुलांना आधी टीबीच्या गोळ्या सुरू होतात. साधारण दोन महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीतून बघतात. जखमा भरल्या नसतील तर क्रोन्सचा संशय बळावतो. पण टीबी असताना क्रोन्स समजून स्टेरॉइड दिलं, तर प्रतिकारशक्ती दबून टीबी पसरू शकतो.

इथे पातळ अन्नाचा मोठा फायदा आहे. ते प्रतिकारशक्ती दाबत नाही. रिपोर्टची वाट बघताना मुलाचं पोषण सुरू राहतं आणि टीबी निघालाच तरी नुकसान झालेलं नसतं. फक्त एक सावधगिरी हवी. वजन टीबीच्या मुलाचंही वाढेल. म्हणून "पावडरीने वजन वाढलं, म्हणजे क्रोन्सच होता" असा निष्कर्ष काढायचा नाही.

चालतंय की नाही, कसं कळतं?

पहिल्या दोन आठवड्यांत पोटदुखी आणि शौचाच्या वेळा कमी व्हायला हव्यात, ताप जायला हवा, वजन वर सरकायला हवं. रक्तातलं सीआरपी उतरतं. शौचाच्या तपासणीतलं कॅल्प्रोटेक्टिन आतड्याची सूज थेट दाखवतं, तेही आठवड्यागणिक कमी होतं. दोन आठवड्यांत काहीच फरक नसेल तर नुसतं रेटत राहायचं नसतं. आधी पूर्ण 1800 पोटात जातंय का, आणि शाळेत गुपचूप काही खाल्लं जातंय का, हे बघतात. तसं नसेल तर उपचार बदलतात.

काही मुलांना हा उपचार सुरुवातीलाच पुरेसा नसतो. गुदद्वाराजवळ गळू किंवा नासूर असेल, आतडं अरुंद झालं असेल, वाढ फारच खुंटली असेल, तर बायोलॉजिकल इंजेक्शनं लवकर लागतात.

पुण्याला किती खेपा?

मुलांच्या पोटविकारांचे खास तज्ज्ञ मोठ्या शहरांत जास्त. साताऱ्याहून पुणे 110 किलोमीटरच्या आसपास, सांगलीहून त्याच्या दुप्पट. पण सगळ्यासाठी तिथे जायची गरज नसते. निदान, दुर्बिणीची तपासणी आणि आहाराचा आराखडा तज्ज्ञांकडे. दर आठवड्याचं वजन आणि सीआरपी मिरज, कराड किंवा जवळच्या बालरोगतज्ज्ञांकडे करून रिपोर्ट फोनवर पाठवता येतो.

खर्चाचा हिशेब आधीच करायला हवा. 100 ग्रॅम पावडरीत साधारण 450 कॅलरी धरल्या, तर आपल्या 12 वर्षांच्या मुलाला रोज 400 ग्रॅम लागेल, म्हणजे दिवसाला एक डबा. आठ आठवड्यांचे 56 डबे. डबा 500 रुपयांचा धरला तरी 28 हजार रुपये. पैसे संपले म्हणून पाचव्या आठवड्यात पावडर पातळ करून देणं, ही या उपचाराची सगळ्यात शांतपणे होणारी फसगत आहे. पैशांची अडचण असेल तर ती पहिल्याच दिवशी डॉक्टरांना सांगावी, म्हणजे स्वस्त पर्याय निवडता येतो. साधी पावडर महागड्या सुट्या अमिनो आम्लांच्या पावडरीइतकीच काम करते, हे अभ्यासांत दिसलेलं आहे.

आठ आठवड्यांनंतर

जेवण एकदम सुरू करत नाहीत. दोन-तीन आठवड्यांत पावडर कमी करत एकेक जेवण परत आणतात. आणि ईईएन आजार शांत करतं, कायमचा घालवत नाही. शांत ठेवायला ॲझाथायोप्रिनसारखी औषधं लागतात. त्यांचा परिणाम दिसायला दोन-तीन महिने जातात, म्हणून ती बऱ्याचदा पावडरीसोबतच सुरू करतात.

त्यामुळे पोरगं पुन्हा भाकरी खायला लागलं, दोन किलो वजन वाढलं, की गोळ्या बंद करायचा मोह होतो. आजार परत उलटतो तो बहुतेक वेळा इथेच.