निकाहाआधीचे नऊ दिवस

सनाच्या निकाहाला नऊ दिवस उरले आणि पोट पुन्हा बिघडलं. सकाळपासून चार वेळा संडास, मुरडा, पोट फुगलेलं. अम्मी म्हणाली, "नजर लागली." खाला म्हणाली, "काही खाऊच नकोस."

दिवसभर उपाशी राहून चक्कर मात्र आली. दापोडीतल्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "रक्त पडतं? ताप? वजन उतरलं? रात्री झोपेतून उठावं लागतं?" सगळ्याला नाही. "मग तुझा जुनाच त्रास. काळजी वाढली की आतडं चिडतं. यातलं काही दिसलं तर लगेच ये."

त्यांनी मुरड्याची गोळी दिली आणि खाल्लेलं वहीत लिहायला सांगितलं. दोनच दिवसांत वही बोलली: प्रत्येक पाहुण्यासोबत दुधाचा चहा, दिवसाला सात कप! वर कांदा-लसणाचं सालन. सनाने चहा एकावर आणला, वेळेवर थोडा थोडा खिमट, साधा भात खाल्ला. मुरडा सौम्य झाला, पण गेला नाही.

खरी भीती सासरची होती. शेवटी तिने होणाऱ्या सासूबाईंना फोन करून सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "बेटी, एवढंच ना? हॉलमध्ये तुला बाथरूमजवळची खोली ठेवते."

निकाहाच्या सकाळी मुरडा आला. सना दोनदा उठून गेली, परतली, हळूहळू श्वास घेत बसली. काझीसाहेबांनी विचारलं तेव्हा तिचा आवाज स्पष्ट होता: "कुबूल है."