प्रामाणिकपणावरचा दरोडा

फसलेल्या माणसाविषयी आपल्याकडे एक निवाडा तयारच असतो : लोभ सुटला, म्हणून फसला! घरबसल्या टंकलेखनाच्या नावाखाली आज जो धंदा चालू आहे, त्यात सापडलेल्या बायाबापड्यांनाही हाच निवाडा ऐकावा लागतो. मला तो साफ अमान्य आहे. हा धंदा लोभावर चालत नाही. तो चालतो माणसाच्या कष्टाळूपणावर आणि दिलेला शब्द पाळण्याच्या सवयीवर.

आमच्या ओळखीतल्या एका वहिनींचेच घ्या. मोबाईलवर निरोप आला : घरी बसून डेटा एंट्री करा, पानाला ४० रुपये. नोंदणीचे, प्रशिक्षणाचे किंवा अनामतीचे पैसे कोणी आगाऊ मागितले, तर वहिनी तिथेच सावध झाल्या असत्या. इथे कोणी छदामही मागितला नाही. आधारकार्डाची प्रत आणि करारनाम्यावर सही, एवढेच घेतले. काम असे की, पडद्यावर छापील पानाचे चित्र दिसेल, ते पाहून जसेच्या तसे टंकायचे. सहा दिवसांत ५०० पाने, म्हणजे २०,००० रुपये. अट एकच : शंभरातली नव्वद पाने पूर्ण बिनचूक हवीत, नाही तर कंपनीच्या खर्चापोटी ६,५०० रुपये भरायचे.

ही अट जरा पाटीवर मांडून पाहा. एका पानात २,००० अक्षरे धरू. हजार अक्षरांत एकच चूक करणारा टंकलेखक म्हणजे चांगला तयार हात. पण त्याच्याही पानागणिक सरासरी दोन चुका होणार, आणि एकही चूक नसलेली पाने शंभरात तेरा-चौदाच निघणार. अक्षरे मोजली असती, तर हाच माणूस ९९.९ टक्क्यांनी उत्तीर्ण होता; पाने मोजली की तो सपशेल नापास! शिवाय पानाला आठ मिनिटे धरली, तरी रोज अकरा तास टंकावे लागते. दमलेली बोटे चुकणारच. म्हणजे काम देतानाच नापासाचा शिक्का तयार असतो.

आणि छापील पानाचे चित्र आज संगणक क्षणात अक्षरांत उतरवतो. त्यासाठी ४० रुपये कोण मोजील? त्या पानांना गिऱ्हाईकच नाही. खरी कमाई आहे ती सातव्या दिवशीच्या भीतीत.

सातव्या दिवशी ‘वकीलसाहेबां’चा फोन येतो. करारभंग झाला आहे, नोटीस पाठवली आहे, संध्याकाळपर्यंत पैसे न भरल्यास पोलीस दारात येतील! पैसे भरले, की ना-हरकत दाखल्याचे वेगळे, खटला मागे घेण्याचे वेगळे. एकदा दिलेल्या पैशाने ही मागणी शमत नाही. हे घर घाबरते, एवढेच त्यांना कळते.

कायदा मात्र निराळेच सांगतो. करारभंग हा दिवाणी वाद आहे. त्यासाठी पोलीस कोणाला अटक करत नाहीत. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम १९ प्रमाणे, फसवून घेतलेली संमती फसलेल्या पक्षाला रद्द ठरवता येते. कलम ७४ प्रमाणे, करारात दंडाचा आकडा लिहिला म्हणून तो आपोआप देणे लागत नाही. वाजवी भरपाई किती, हे न्यायालय ठरवते. आणि खटला खरोखर दाखल झाला असेल, तर त्याला क्रमांक असतो, न्यायालयाचे नाव असते. फोनवरच्या वकिलाला तेवढे विचारावे. बहुधा उत्तराऐवजी दरडावणीच ऐकू येते.

ओळखण्याची खूण साधी आहे. खरा मालक फार तर बिघडलेल्या कामाचे पैसे देणार नाही. काम करणाऱ्याकडूनच पैसे मागणार नाही. पैसे आधी मागितले काय आणि नंतर दंड म्हणून मागितले काय, जात एकच.

वहिनींनी दोनदा पैसे भरले आणि घरात अवाक्षर काढले नाही. का? तर “तुला कोणी सांगितले होते नसते उद्योग करायला?” हे ऐकावे लागेल म्हणून. त्या तोतया वकिलाचा खरा भागीदार हे वाक्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. सहा दिवस रोज अकरा तास राबलेल्या बाईला जे घर लोभी म्हणते, ते तिला पुन्हा त्याच्याच हवाली करते.

तेव्हा घरात असे काही उघडकीला आले, तर उपदेश राहू द्या. आणखी एक पैसाही देऊ नका. निरोप, नोटीस, पैसे पाठवल्याच्या नोंदी पुसू नका. पैसे गेले असतील, तर त्याच तासाला १९३० हा क्रमांक फिरवा. ते पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता येण्याची आशा तेवढ्या वेळातच असते. मग cybercrime.gov.in वर रीतसर तक्रार नोंदवा, आणि ती नोंदवताना तिच्या शेजारी बसा.